मुद्दल शाबूत, तरी पैसे कमी: एफडी, महागाई आणि खरा परतावा यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी जुलैच्या आसपास निवृत्त मंडळी विवरणपत्र भरायला माझ्याकडे येतात. हातात बँकेचं व्याज-प्रमाणपत्र असतं आणि मनात एकच कोडं असतं: पैसे तर वाढतायत, मग पुरत का नाहीत? त्या टेबलावर पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

खरा परतावा म्हणजे नेमकं काय?

पैशात मोजलेली वाढ नव्हे, वस्तूंत मोजलेली वाढ. आज 100 रुपयांत जे सामान येतं ते घ्यायचं सोडून तुम्ही ते 100 रुपये बँकेत ठेवलेत. वर्षाने 7 टक्के व्याजाने 107 झाले. तेच सामान आता 105 ला मिळतंय. म्हणजे सामान घेऊन तुमच्या हातात दोन रुपये उरले. खरी कमाई तेवढीच.

बहुतेक जण 7 वजा 5 करून 2 टक्के म्हणतात. काटेकोर बोलायचं तर भागाकार करायला हवा: 107 ला 105 ने भागलं की 1.019 येतात, म्हणजे 1.9 टक्के. एका वर्षासाठी वजाबाकी चालून जाते. पाच-दहा वर्षांचा हिशोब असेल तर मात्र भागाकारच करा, कारण तिथे छोटे फरक साचत जातात.

एफडीत पैसे बुडत नाहीत, मग तोटा होतो कसा? एखादं खरं उदाहरण आहे का?

आहे, आणि फार जुनंही नाही. मे 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 टक्क्यांवर आणला आणि तो मे 2022 पर्यंत तिथेच राहिला. ठेवींचे दरही त्यामागोमाग उतरले. 2020 च्या मध्यावर मोठ्या सरकारी बँकेत पाच वर्षांच्या एफडीला साधारण 5.4 टक्के मिळत होते. समजा, तेव्हा एकाने 5 लाखांची एफडी केली, व्याज त्यातच जमा होणारी. तिमाही चक्रवाढीने पाच वर्षांनी 6 लाख 53 हजार 800 रुपये होतात. पावती पाहून माणूस खूश.

आता दुसरी बाजू. ग्राहक किंमत निर्देशांकावर आधारलेली वार्षिक सरासरी महागाई 2020-21 मध्ये 6.2 टक्के होती. पुढच्या चार वर्षांत ती अनुक्रमे 5.5, 6.7, 5.4 आणि 4.6 टक्के राहिली. हे दर एकावर एक चढवले की 100 रुपयांचं सामान जवळजवळ 131 रुपये 80 पैशांवर जातं. म्हणजे 5 लाखांत जे येत होतं, त्याला आता 6 लाख 59 हजार लागतात. एफडीने दिले 6 लाख 54 हजार. जेमतेम बरोबरी. हिशोब वर्षाच्या सरासरीचा आहे, त्यामुळे महिने थोडे मागे-पुढे धरले तर हा माणूस किंचित पुढे किंवा किंचित मागे दिसेल. पण पाच वर्षं थांबल्याचं फळ काय, तर जवळपास शून्य.

आणि हे कर न भरणाऱ्याचं झालं. तो जुन्या करपद्धतीत 20 टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर उपकर धरून व्याजातले 20.8 टक्के करात जातात. हाती दर उरतो सुमारे 4.28 टक्के. दरवर्षीचा कर त्या व्याजातूनच गेला असं धरलं, तर पाच वर्षांनी 6 लाख 18 हजारांच्या आसपास रक्कम उरते. ती 1.318 ने भागा: 4 लाख 69 हजार. पाच लाख ठेवले आणि आधीच्या भावात मोजलं तर 31 हजार कमी परत आले. या काळात त्याच्या पासबुकात एकदाही आकडा खाली गेला नाही, म्हणून त्याला हे कुणी सांगितल्याशिवाय कळतही नाही.

कर फक्त नफ्यावरच लागतो ना? मग त्याने तोटा कसा होईल?

कायद्याच्या दृष्टीने पूर्ण व्याज हे उत्पन्न आहे. त्यातलं किती व्याज नुसती महागाई भरून काढण्यात गेलं, हे प्राप्तिकर खातं पाहत नाही. महागाई 5 टक्के आणि व्याजही 5 टक्के असेल, तर तुम्ही काहीच कमावलेलं नसतं. तरी त्या 5 टक्क्यांवर कर बसतो, आणि तो मुद्दलाच्या खऱ्या किमतीतून जातो.

म्हणून एफडीच्या जाहिरातीतला दर पाहताना मी लोकांना उलटा प्रश्न विचारायला सांगतो: नुसतं जिथे होतो तिथे राहायला मला किती दर हवा? महागाई 5 टक्के धरली तर कर नसलेल्याला 5 टक्के पुरतात. 20 टक्क्यांच्या टप्प्यातल्याला सुमारे 6.3 लागतात, आणि 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्याला जवळजवळ 7.3. एकच एफडी तिघांसाठी तीन वेगळ्या गोष्टी असतात. शेजाऱ्याला परवडतं म्हणून आपल्याला परवडेल असं नाही.

2025-26 पासून नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. पेन्शन आणि व्याज मिळून त्या मर्यादेच्या आत असलेल्या मोठ्या वर्गाला याने खरोखर दिलासा मिळाला आहे. पण जुनीच पद्धत सवयीने धरून बसलेले लोक मला अजून भेटतात. आणि हो, बँकेने कापलेला टीडीएस म्हणजे तुमचा अंतिम कर नव्हे. तो आगाऊ कापलेला हप्ता आहे. हिशोब तुमच्या टप्प्यानेच करायचा.

आम्ही मुद्दलाला हात लावत नाही, फक्त व्याजावर घर चालवतो. आम्हाला काय धोका?

सगळ्यात जास्त धोका तुम्हालाच आहे. हा प्रश्न विचारणारे बहुतेक लोक अतिशय काटकसरी आणि शिस्तीचे असतात, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

समजा, एका जोडप्यातल्या एकाच्या नावावर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पूर्ण 30 लाख आहेत. एप्रिल 2023 मध्ये ही मर्यादा 15 वरून 30 लाख झाली आणि दरही 8.2 टक्के झाला, तोच धरू. दर तिमाहीला 61,500 रुपये खात्यात येतात, म्हणजे महिन्याला 20,500. कर लागत नाही असं समजू. दोघं ते सगळे खर्च करतात. मुद्दल 30 लाख जसंच्या तसं.

महागाई 5 टक्के धरा. वर्षाअखेर आजच्या 30 लाखांची ताकद टिकवायला 31 लाख 50 हजार हवेत. म्हणजे वर्षभरात आलेल्या 2 लाख 46 हजारांपैकी 1 लाख 50 हजार हे व्याज नव्हतंच. ती मुद्दलाची झीज भरून काढण्याची रक्कम होती. खरं खाण्याजोगं उत्पन्न 96 हजार, महिन्याला 8,000. बाकीचे 12,500 रुपये दर महिन्याला मुद्दलातूनच खाल्ले जातायत, फक्त पासबुकात त्या ओळीला ‘व्याज’ म्हटलंय.

शेतकऱ्याला हे समजावावं लागत नाही. पुढच्या पेरणीसाठी बाजूला काढायचं बियाणं पोत्यातच असतं आणि दिसायला धान्यासारखंच असतं. ते दळून खाल्लं तर त्या वर्षी घरात कमी पडत नाही.

दहा वर्षांनी काय दिसतं? दर तोच राहिला असं धरलं तरी महिन्याचे 20,500 आजच्या भावात सुमारे 12,600 रुपयांचं काम करतात, आणि 30 लाखांची ताकद 18 लाख 40 हजारांवर येते. माणूस साठीचा सत्तरीचा होतो, औषधं वाढतात, आणि नेमक्या त्याच वेळी उत्पन्न आक्रसतं. ‘आधी पुरत होतं, आता का पुरत नाही’ याचं उत्तर बहुतेक वेळा उधळपट्टीत नसतं, इथे असतं.

मग महिन्याला 8,000 वरच राहायचं का? ते शक्य तरी आहे का?

मुद्दलाची ताकद कायम राखायची असेल तर पहिल्या वर्षी 96 हजार खर्च आणि दीड लाख परत गुंतवणूक, असा हिशोब येतो. पुढच्या वर्षी मुद्दल साडेएकतीस लाख, त्यावर त्याच दराने व्याज 2 लाख 58 हजार, त्यातून 1 लाख 57 हजार पुन्हा बाजूला, आणि खर्चाला 1 लाख 800. खर्च दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढतो, मुद्दलही तितकंच वाढतं, ताकद जागेवर राहते. या योजनेची मर्यादा 30 लाखच आहे, त्यामुळे वाढीव रक्कम दुसरीकडे ठेवावी लागेल आणि तिथे 8.2 मिळेलच असं नाही.

पण मुद्दल कायम राखलंच पाहिजे असा काही नियम नाही. पैसे म्हातारपणासाठीच साठवले होते. दुसरं टोक पाहू. हेच जोडपं पहिल्या वर्षी 2 लाख 46 हजार खर्च करून राहणीमान तेच ठेवायचं ठरवतं, म्हणजे खर्च दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढवतं आणि कमी पडेल तसं मुद्दलातून काढतं. 8.2 टक्के सतत मिळत राहिले तरी पैसे साधारण सोळा वर्षांत संपतात. बासष्टीला सुरुवात केली तर अठ्ठ्याहत्तरीला. तिथे पेन्शन किंवा दुसरा आधार असेल तर ठीक, नसेल तर हे उशिरा कळून उपयोग नाही.

बहुतेकांचं खरं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये असतं. मी एवढंच सुचवतो की व्याज जमा झालं की त्याच दिवशी त्यातला ठरावीक भाग वेगळ्या ठेवीत वळवा. तिसरा हिस्सा वळवला तरी झीज बरीच कमी होते. महिनाअखेर उरलं तर टाकू, असं म्हणणाऱ्यांचं सहसा काही उरत नाही.

सरकारी महागाई 5 टक्के, आमच्या घरी तर दुपटीने वाटते. कुणाचं खरं?

दोन्ही खरं असू शकतं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय काढतं तो निर्देशांक देशभरच्या सरासरी घराचा असतो. 2012 पायाच्या मालिकेत अन्न आणि पेयांचं वजन 45.86 टक्के होतं, तर आरोग्याचं अवघं 5.89. निवृत्त जोडप्याच्या घरात औषधं-डॉक्टरचा वाटा याच्या कितीतरी पट असतो. शाळेत मुलं असलेल्या घराचं गणित फीमुळे वेगळं.

स्वतःचा दर काढणं अवघड नाही. किराण्याची वही, दुधाचं बिल, लाइटबिल, औषधांच्या पावत्या घ्या आणि गेल्या वर्षीचा आणि यंदाचा एकच महिना समोरासमोर ठेवा. दिवाळीचा महिना श्रावणाशी लावू नका. समजा, महिन्याचा खर्च 30 हजार, त्यात औषधोपचार 6 हजार. औषधं 10 टक्क्यांनी महागली तर 600 रुपये वाढले. उरलेले 24 हजार 5 टक्क्यांनी महागले तर 1,200. एकूण वाढ 1,800, म्हणजे 6 टक्के. तुमचा दर हा.

यात एक चूक हमखास होते. लेक-जावई महिनाभर राहून गेले, पूर्वी एक लिटर येणारं दूध दीड लिटर आलं, साधा फोन जाऊन महागडा आला, ही महागाई नव्हे. खर्च वाढणं आणि भाव वाढणं वेगळं. तेवढीच वस्तू, तीच प्रत, तिचा भाव किती वाढला एवढंच पाहायचं. असं मोजलं की ‘दुप्पट’ वाटणारी महागाई सहसा एखाद-दोन टक्क्यांनी जास्त निघते. आपल्याला वाढलेले भाव लक्षात राहतात, स्थिर राहिलेले नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये महागाई पाव टक्क्यावर आली होती. मग एफडी चांगलीच म्हणायची ना?

त्या महिन्याचा दर 0.25 टक्के होता हे खरं, 2012 पायाच्या मालिकेतला तो नीचांक. पण त्याचा अर्थ भाव उतरले असा नाही. सगळं मिळून भाव वर्षभरापूर्वी होते जवळपास तिथेच होते, एवढाच. आधीच्या पाच वर्षांत चढलेले 32 टक्के तसेच राहिले.

शिवाय त्या आकड्यात खाण्याच्या पदार्थांची घसरण मोठी होती, कारण वर्षभरापूर्वी भाजीपाला फार महाग होता. उंच आकड्याशी तुलना केली की यंदाचा दर आपोआप खाली दिसतो. असा एक महिना धरून पाच वर्षांची एफडी चांगली की वाईट ठरवणं म्हणजे एका पावसावरून हंगाम ठरवणं. एफडीचा दर पाच वर्षांसाठी बांधला जातो, महागाई मात्र मोकळी असते. रिझर्व्ह बँकेसमोर लक्ष्य 4 टक्क्यांचं आहे, दोन टक्के वर-खाली मुभा धरून. म्हणून मी हिशोबात 5 धरतो. कमी निघाली तर आनंदच.

पोस्टात पैसे दुप्पट होतात, तिथे तर तोटा नाही?

किसान विकास पत्राला 7.5 टक्के दराने 115 महिने लागतात, म्हणजे नऊ वर्षं सात महिने. 1 लाखाचे 2 लाख. तेवढ्या काळात 5 टक्के महागाईने 1 लाखाचं सामान 1 लाख 60 हजारांवर गेलेलं असतं. म्हणजे त्या 2 लाखांची किंमत आजच्या भावात 1 लाख 25 हजार. वाढलेल्या लाखावर शेवटी 20.8 टक्के कर गेला तर 1 लाख 12 हजार. तोटा नाही, पण साडेनऊ वर्षांत बारा टक्के हे ‘दामदुप्पट’ या शब्दापासून बरंच लांब आहे. दुप्पट हा शब्द ऐकला की ‘किती वर्षांत’ आणि ‘तोवर किराणा कितीला’ हे दोन प्रश्न विचारायचे.

मग बचत खात्यात पैसे ठेवूच नयेत का?

ठेवावेत, पण कशासाठी ते ठरवून. 2020 पासून मोठ्या बँकांत बचत खात्यावर बराच काळ 2.7 टक्के मिळत होते. वर सांगितलेल्या पाच वर्षांत त्या दराने 1 लाखाची ताकद सुमारे 86,700 वर आली, तीही कर न धरता. रात्री अकराला दवाखान्यात भरायला पैसे हाताशी असावेत, त्याची ही किंमत समजा. चार-सहा महिन्यांच्या खर्चासाठी ती परवडते. घर विकून आलेले वीस लाख ‘बघू नंतर’ म्हणून तीन वर्षं तिथे पडून असतील, तर ती किंमत नव्हे, आळस आहे. पिग्मीलाही हेच लागू. रोज बाजूला पडतात हा तिचा फायदा आहे, व्याज हा नाही. वर्ष भरलं की रक्कम हलवा.

महागाईवर मात करायला पतसंस्थेत दोन टक्के जास्त मिळतायत. ठेवू का?

इथे मी कडक बोलतो. बँकेत, सहकारी बँकेतसुद्धा, प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंत ठेव विमा आहे. फेब्रुवारी 2020 पर्यंत तो 1 लाख होता. पतसंस्थेला हे डीआयसीजीसीचं संरक्षण नाही. महागाई वर्षाला दोन-तीन टक्के झिजवते. बुडालेली संस्था एका सकाळी सगळंच अडकवते, आणि मग संचालक कुणाचा नातेवाईक आहे याने फरक पडत नाही. चांगल्या चालणाऱ्या पतसंस्था आहेत, पण दोन टक्क्यांसाठी सगळी पुंजी एका ठिकाणी नेणं हा महागाईवरचा इलाज नाही.

महागाई वाढली की व्याजही वाढेल, अशी ठेव मिळत नाही का?

एकदा आली होती. डिसेंबर 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेने किरकोळ गुंतवणूकदारांसाठी दहा वर्षांचे रोखे काढले, त्यात ग्राहक किंमत निर्देशांकाची महागाई अधिक दीड टक्का असा परतावा होता. नेमकं जे हवं तेच. पण प्रतिसाद थंड मिळाला. त्या वेळी एफडीला 9 टक्क्यांच्या आसपास मिळत होते आणि ‘महागाई अधिक दीड’ हे कुणाच्या गळी उतरलं नाही. शिवाय महागाईपोटी मिळणारी रक्कमही करपात्रच होती.

आज त्याच्या जवळ जाणारा पर्याय म्हणजे रिझर्व्ह बँकेचे बदलत्या दराचे बचत रोखे, सात वर्षांचे. त्यांचा दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरापेक्षा 0.35 टक्के जास्त असतो आणि सहा महिन्यांनी ठरतो. तो महागाईला बांधलेला नाही, सरकार ठरवेल त्या दराला बांधलेला आहे. पण दर एकदाच गोठत नाही, हा फायदा आहे. पीपीएफचा दर 7.1 टक्के असला तरी तो करमुक्त आहे, त्यामुळे 20-30 टक्क्यांच्या टप्प्यातल्याने तो वरच्या 6.3 आणि 7.3 च्या हिशोबाशी न लावता थेट महागाईशी लावून पाहावा.

शेअर बाजार आणि सोनं?

दोन्हींनी लांब पल्ल्यात महागाईच्या पुढे जाऊन दाखवलं आहे, आणि दोन्ही मधली काही वर्षं जीव टांगणीला लावतात. ज्या पैशांतून पुढच्या दोन-तीन वर्षांचा किराणा आणायचा आहे, ते तिथे नकोत. त्यापलीकडच्या पैशांबद्दल नोंदणीकृत सल्लागाराशी बोला, माझं काम विवरणपत्राचं आहे.

ज्यांच्यावर कर्ज आहे त्यांचं काय?

त्यांच्यासाठी हाच वारा पाठीमागून वाहतो. वीस वर्षांच्या गृहकर्जाचा हप्ता तोच राहतो, पगार वाढत जातो, म्हणून पहिल्या वर्षी कंबर मोडणारा हप्ता पंधराव्या वर्षी हलका वाटतो. पण एका हाताने 9 टक्क्यांचं कर्ज आणि दुसऱ्या हाताने साडेसहाची एफडी असेल, तर महागाई काढण्याआधी ते दोन आकडे एकमेकांतून काढा. गरजेपुरती रक्कम ठेवून उरलेली एफडी मोडून कर्ज कमी करणं, हा त्या घराला मिळू शकणारा सगळ्यात चांगला बिनधोक परतावा असतो. एफडी मुदतीआधी मोडल्यास बँक किती दर कमी करते, तेवढं मात्र आधी विचारून घ्या.